दहा बिटांच्या एडीसीतून तेरा बिट: आर्डुइनो उनोवर ओव्हरसॅम्पलिंग कसं करायचं

अंडी उबवायची पेटी करायला घेतलेल्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. आत पंखा असलेल्या पेटीत साधारण ३७.५ अंश सेल्सियस तापमान धरायचं असतं. एलएम३५ सेन्सर आणि आर्डुइनो उनो जोडून कोड टाकला, की डिस्प्लेवर ३७.१ येतं, मग ३७.६, पुन्हा ३७.१. मधलं काही कधी दिसतच नाही. मग कुणीतरी सांगतं, "दहा रीडिंग घे आणि सरासरी काढ." तसं केलं तरी आकडा तितकाच उड्या मारतो, किंवा एका जागी थांबतो पण चुकीच्या.

सरासरीचा सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. ती किती रीडिंगची, किती वेळात घेतलेली, बेरजेला कितीने भागायचं आणि मुळात रीडिंग हलतंय का, या चार गोष्टी जुळल्या तर उनोच्या दहा बिटांच्या एडीसीतून, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागातून, बारा-तेरा बिटांचा कामाचा आकडा निघतो. यालाच ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

## लागणारं सामान

- आर्डुइनो उनो (एटीमेगा३२८पी चिप असलेला) आणि आर्डुइनो आयडीई
- एलएम३५ सेन्सर. याला किमान ४ व्होल्ट सप्लाय लागतो, ३.३ व्होल्टवर भरवसा ठेवू नका
- मल्टिमीटर, निदान मिलिव्होल्ट दाखवणारा
- १० किलोओहम आणि २.२ मेगओहमचे रेझिस्टर, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (फक्त पायरी ५ साठी, कदाचित लागणारही नाहीत)
- थर्मॉसमधलं कोमट पाणी आणि एखादी छोटी प्लॅस्टिकची पिशवी, शेवटच्या तपासणीसाठी

## आधी कागदावर एक हिशोब

एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ३७.५ अंशाला ३७५ मिलिव्होल्ट. उनोचा एडीसी काही न सांगता ५ व्होल्ट रेफरन्स धरतो आणि त्याचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक काउंट ४.८८ मिलिव्होल्टचा, जवळपास अर्ध्या अंशाचा. आपले ३७५ मिलिव्होल्ट होतात ७६.८ काउंट. एडीसी अपूर्णांक देऊ शकत नाही, तो ७६ देईल किंवा ७७. ७६ म्हणजे ३७.१ आणि ७७ म्हणजे ३७.६. डिस्प्लेवरच्या त्या दोन आकड्यांचं मूळ हे.

आता समजा सिग्नलवर थोडा नॉइज आहे, एखाद-दुसऱ्या काउंटचा. सोळा रीडिंग घेतली तर ती अशी काही येतील:

```
76 77 77 77 76 77 77 78
77 76 77 77 76 77 77 77
```

बेरीज १२२९. तिला १६ ने भागलं तर ७६.८१. म्हणजे जो अपूर्णांक एका रीडिंगमध्ये मावत नव्हता, तो ७६ किती वेळा आला आणि ७७ किती वेळा आला या प्रमाणात साठलेला होता. नॉइज नसता तर सोळाच्या सोळा वेळा ७७ आलं असतं आणि सरासरीही ७७ च राहिली असती. ओव्हरसॅम्पलिंगचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे: थोडा नॉइज हवाच.

यातच पहिला सापळा आहे. C++ मध्ये `1229 / 16` लिहिलं तर उत्तर ७६ येतं, कारण पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक टाकून देतो. ७६ म्हणजे ३७.१ अंश. एकच रीडिंग घेतलं असतं तर बहुतेक वेळा ७७ आलं असतं, म्हणजे ३७.६, आणि ते खऱ्याच्या जास्त जवळ होतं. सोळा रीडिंगची मेहनत करून उत्तर बिघडवलं.

म्हणून बेरजेला १६ ऐवजी ४ ने भागायचं. १२२९ भागिले ४ म्हणजे ३०७. हा आकडा दहा बिटांचा नाही, बारा बिटांचा आहे, म्हणजे ५ व्होल्टचे आता ४०९६ भाग धरायचे. ३०७ × ५००० ÷ ४०९६ = ३७४.८ मिलिव्होल्ट, म्हणजे ३७.५ अंश.

## पायरी १: रेफरन्स बदला, मग बाकीचं

ओव्हरसॅम्पलिंगला हात लावण्याआधी फुकटात मिळणारं घ्या. उनोच्या चिपमध्ये १.१ व्होल्टचा आतला रेफरन्स आहे. तो निवडला की एक काउंट १.०७ मिलिव्होल्टचा होतो, म्हणजे साधारण ०.१ अंशाचा, आणि ११० अंशांपर्यंतची रेंजही मिळते. पेटीला ती भरपूर झाली. एका ओळीत दोन बिटांहून जास्त फायदा झाला आणि सॅम्पल एकच.

```cpp
void setup() {
  Serial.begin(115200);
  analogReference(INTERNAL);
  analogRead(A0);      // पहिलं रीडिंग फेकून द्या
  delay(10);
}
```

रेफरन्स बदलल्यावर पहिली एक-दोन रीडिंग चुकीची येऊ शकतात, म्हणून ते फेकणं.

५ व्होल्ट सोडायचं आणखी एक कारण आहे. यूएसबीचे ५ व्होल्ट कधी ४.८ असतात, कधी ५.१, आणि लॅपटॉपचा चार्जर लावला-काढला की हलतात. एलएम३५ला त्याच्याशी देणंघेणं नाही, तो आपले ३७५ मिलिव्होल्टच देतो, पण मोजणारी पट्टीच आखडली तर आकडा फुगतो. ५ व्होल्ट एक टक्क्याने खाली गेले तर ३७.५ चे ३७.९ दिसतात. हा बदल सावकाश होतो, त्यामुळे हजार सॅम्पलची सरासरीही त्याला काही करू शकत नाही.

१.१ व्होल्ट मात्र नावापुरतेच १.१ असतात. चिपच्या डेटाशीटप्रमाणे ते १.० ते १.२ च्या मध्ये कुठेही असू शकतात. चांगली बाजू ही की एका चिपमध्ये ते बऱ्यापैकी स्थिर राहतात. वरचा कोड चालू ठेवून उनोच्या एआरईएफ पिनवर मल्टिमीटर लावा, जो आकडा येईल तो लिहून ठेवा आणि पुढे कोडमध्ये `1100.0` च्या जागी घाला. त्या पिनला बाहेरून दुसरं कुठलंही व्होल्टेज जोडू नका.

पोटेन्शियोमीटरसारखं काही मोजत असाल तर हा नियम उलटा होतो. त्याला सप्लायही त्याच ५ व्होल्टचा असतो, त्यामुळे सप्लाय हलला तर सिग्नल आणि रेफरन्स एकत्रच हलतात आणि आकडा तसाच राहतो. तिथे डीफॉल्ट रेफरन्सच ठेवा.

## पायरी २: कच्चं रीडिंग नीट बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचा सगळा घोळ इथेच तयार होतो. सरासरी वगैरे काही न करता कच्चे आकडे सिरियल प्लॉटरवर सोडा:

```cpp
void loop() {
  Serial.println(analogRead(A0));
  delay(1);
}
```

`delay(1)` मुद्दाम आहे. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तुम्ही `delay(20)` किंवा `delay(100)` टाकलंत तर दर वेळी लाटेच्या जवळपास त्याच बिंदूवर मोजाल आणि विजेचा घुमारा जवळजवळ दिसेनासा होईल. मग वाटेल सिग्नल स्वच्छ आहे. १ मिलिसेकंदाने मोजलं की एका आवर्तनात अठराएक बिंदू पडतात आणि लाट असेल तर ती उघडी पडते.

प्लॉटरवर चारपैकी काहीतरी दिसेल.

आकडा दोन-चार काउंटच्या पट्ट्यात सैरभैर नाचतोय, त्यात काही ठरावीक नक्षी नाही. हे उत्तम. याच नॉइजवर ओव्हरसॅम्पलिंग चालतं. पायरी ३ वर जा.

एकच आकडा, सरळ रेघ, मिनिटभर हलत नाही. डोळ्यांना छान वाटतं, पण यातून सरासरीने काहीही मिळणार नाही. पायरी ५ बघा.

नियमित लाट दिसतेय, अठराएक बिंदूंनी पुन्हा तीच. हा ५० हर्ट्झचा घुमारा. पेटीतल्या बल्बची २३० व्होल्टची वायर आणि सेन्सरची वायर एकत्र बांधलेली असली की हमखास येतो. आधी वायरी वेगळ्या करा, सेन्सरच्या तिन्ही तारांना पीळ द्या. राहील तेवढा पायरी ४ मध्ये जाईल.

मधूनच एखादा उंच खिळा उभा राहतो, विशेषतः रिले टकटकली की. हा नॉइज सरासरीच्या हातात द्यायचा नाही. चौसष्ट सॅम्पलमध्ये एकच सॅम्पल २०० काउंटने उडालं तर सरासरी तीन काउंटहून जास्त सरकते, म्हणजे १.१ व्होल्ट रेफरन्सवर ०.३ अंशापेक्षा जास्त. साधा उपाय म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यातलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं रीडिंग लक्षात ठेवायचं आणि त्यांच्यातलं अंतर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट झालं तर तो अख्खा गठ्ठा टाकून नव्याने मोजायचं. पेटीचं तापमान काही पन्नास मिलिसेकंदांत पळून जात नाही.

इथेच एक मोह होतो, तो म्हणजे एलएम३५च्या आउटपुटला मोठा कपॅसिटर थेट जमिनीशी लावण्याचा. तसं करू नका. हा सेन्सर ५० पिकोफॅरडच्या वरचा कपॅसिटर थेट सहन करत नाही, तो स्वतःच आंदोलनं करायला लागू शकतो आणि आकडा भलतीकडे जातो. कपॅसिटर लावायचाच असेल तर आउटपुट आणि कपॅसिटर यांच्यामध्ये किमान २ किलोओहमचा रेझिस्टर हवा.

## पायरी ३: किती सॅम्पल, आणि बेरीज कशात

नियम छोटा आहे. सैरभैर नॉइज सरासरीने वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो: चार सॅम्पल घेतली तर निम्मा, सोळा घेतली तर पाव. नॉइज निम्मा झाला की एक बिट वाढवता येतो. म्हणून `n` बिट हवे असतील तर

```
सॅम्पल = 4^n,   उत्तर = बेरीज >> n
```

दोन बिटांना १६, तीन बिटांना ६४, चार बिटांना २५६. उनोवर एक `analogRead()` साधारण ११० मायक्रोसेकंद घेतो, त्यामुळे ६४ ला ७ मिलिसेकंद लागतात आणि २५६ ला २८. तापमानासाठी हे काहीच नाही. पण प्रत्येक बिटाला वेळ चौपट होतो हे विसरू नका. दहा बिट वाढवू म्हटलं तर दहा लाखांहून जास्त सॅम्पल आणि जवळपास दोन मिनिटं लागतील. तेवढ्यात रेफरन्सच सरकलेला असेल. उनोवर तीन बिट आरामात मिळतात, चौथा नशिबाने. त्यापुढे डिस्प्लेवरचे दशांश वाढतात, माहिती वाढत नाही.

बेरीज ठेवायला पुरेसं मोठं भांडं घ्या. उनोवर `int` सोळा बिटांचा असतो आणि ३२७६७ ला संपतो. रीडिंग १०२३ पर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे ३२ सॅम्पल कशीबशी बसतात आणि ३३ व्याला बेरीज ऋण होऊ शकते. वाईट म्हणजे पेटी थंड असताना, रीडिंग लहान असतात तेव्हा, सगळं व्यवस्थित चालतं आणि गरम झाल्यावरच आकडा उलटा होतो. ३७.५ अंशाला ३४९ काउंट धरले तर ६४ ची बेरीज २२३३६ होते, `int` मध्ये बसते. साठ अंशाला मात्र तीच बेरीज ३५ हजारांच्या वर जाते. सरळ `uint32_t` वापरा आणि हा विषय संपवा.

## पायरी ४: सॅम्पल वीस मिलिसेकंदांवर पसरा

६४ सॅम्पल एका दमात घेतली तर ७ मिलिसेकंद लागतात. ५० हर्ट्झची लाट २० मिलिसेकंदांची. म्हणजे तुमचा गठ्ठा कधी लाटेच्या माथ्यावर पडेल, कधी दरीत, आणि सरासरी त्याप्रमाणे वर-खाली होईल. लोक इथे सॅम्पल वाढवत बसतात. त्यापेक्षा तीच ६४ सॅम्पल बरोबर एका आवर्तनावर सारख्या अंतराने पसरा. मग लाटेचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना खाऊन टाकतात आणि घुमारा जवळजवळ शून्य होतो.

२० मिलिसेकंद भागिले ६४ म्हणजे ३१२.५ मायक्रोसेकंद. उनोचं `micros()` चार-चारच्या टप्प्यात चालतं, म्हणून ३१२ घेऊ. एकूण १९.९७ मिलिसेकंद होतात, पुरेसं जवळ.

```cpp
const uint8_t  N     = 3;
const uint16_t KITI  = 1u << (2 * N);   // 64
const uint16_t ANTAR = 312;             // मायक्रोसेकंद
const float    VREF  = 1100.0;          // मोजलेला आकडा घाला

uint16_t vacha() {
  uint32_t berij = 0;
  uint32_t vel = micros();
  for (uint16_t i = 0; i < KITI; i++) {
    while (micros() - vel < ANTAR) {}
    vel += ANTAR;
    berij += analogRead(A0);
  }
  return berij >> N;                    // 13 बिट
}

void loop() {
  float mv = vacha() * VREF / 8192.0;
  Serial.println(mv / 10.0, 2);
  delay(500);
}
```

२५६ सॅम्पल हवी असतील तर `N` ४ करा, `ANTAR` १५६ करा आणि ८१९२ च्या जागी १६३८४. तेव्हा बरोबर दोन आवर्तनं भरतात, ४० मिलिसेकंद. या तिघांपैकी एकच बदलून बाकीचे विसरणं हा नेहमीचा घोटाळा आहे. तापमान अचानक निम्मं किंवा दुप्पट दिसलं तर आधी तिथे बघा.

सॅम्पलच्या लूपमध्ये `Serial.println` टाकू नका. सिरियलचा बफर भरला की तो कोड थांबवून ठेवतो, आणि मग ३१२ मायक्रोसेकंदांची शिस्त राहत नाही.

## पायरी ५: नॉइज नसेल तर थोडा मिसळा

१.१ व्होल्ट रेफरन्सवर एक काउंट इतका लहान असतो की सहसा आकडा आपणहून एक-दोनने हलतो आणि ही पायरी लागत नाही. पण काही कारणाने ५ व्होल्ट रेफरन्सच ठेवावा लागला, समजा दुसऱ्या पिनवर मोठ्या व्होल्टेजचं काही आहे, तर एलएम३५चा आकडा ७७ वर खिळून बसू शकतो. मग आपणच दोन काउंटची झुळझुळ सोडायची. याला डिदर म्हणतात.

एलएम३५चं आउटपुट १० किलोओहममधून ए० ला जोडा. ए० पासून जमिनीला १०० नॅनोफॅरड. पिन ३ वरून २.२ मेगओहम ए० ला, आणि `setup()` मध्ये `analogWrite(3, 128)`. पिन ३ वर साधारण ४९० हर्ट्झची चौकोनी लाट येते. मोठा रेझिस्टर तिला बारीक करतो आणि कपॅसिटर तिला त्रिकोणाच्या जवळ आणतो. ए० वर साधारण १० मिलिव्होल्टची झुळझुळ उरते, म्हणजे ५ व्होल्ट रेफरन्सवर दोन काउंट. वीस मिलिसेकंदांत तिची जवळपास दहा आवर्तनं बसतात, त्यामुळे सरासरीत ती उरत नाही.

तिच्यासोबत एक स्थिर भर मात्र येते, साधारण १० मिलिव्होल्टची, म्हणजे जवळपास एका अंशाची. ती वजा करायलाच हवी. गणिताने काढण्यापेक्षा २.२ मेगओहमचा रेझिस्टर जोडून आणि काढून दोन्ही वेळी ए० चं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा आणि फरक कोडमध्ये घाला. कमी-जास्त डिदर हवा असेल तर हाच रेझिस्टर बदलायचा: लहान केला की झुळझुळ आणि भर दोन्ही वाढतात.

कोडमध्ये `random()` मिसळून डिदर होत नाही, हे वेगळं सांगायला हवं. नॉइज एडीसीच्या आधी, खऱ्या व्होल्टेजमध्ये हवा. ७७ हा आकडा हातात आल्यावर त्यात काहीही मिसळलं तरी ७६.८ परत येत नाही.

## पायरी ६: वाढलेले बिट खरे आहेत का

दोन दशांश दिसायला लागले म्हणजे दोन दशांश कळायला लागले असं नाही. दोन तपासण्या करा.

पहिली, निम्मं होण्याची. सेन्सर एका जागी स्थिर ठेवून `N` २ असताना (`ANTAR` १२४८, भागायला ४०९६) शंभरएक उत्तरं उतरवून घ्या आणि स्प्रेडशीटमध्ये त्यांचं प्रमाण विचलन काढा. मग `N` ३ ठेवून तेच करा, दोन्ही वेळी अंशांमध्ये. दुसऱ्या वेळी ते साधारण निम्मं यायला हवं. तसं झालं नाही, तर जो नॉइज उरलाय तो सैरभैर नाही: सप्लाय सरकतोय, घुमारा शिल्लक आहे किंवा तापमान खरंच बदलतंय. तिथे सॅम्पल वाढवणं बंद करून कारण शोधा.

दुसरी, उताराची. एलएम३५चे पाय उघडे राहणार नाहीत अशा बेताने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, कोमट पाण्याच्या थर्मॉसमध्ये सोडा, झाकण उघडं ठेवा आणि तापमान सावकाश उतरताना `vacha()` चा सरळ पूर्णांक छापत राहा. तेरा बिट खरे असतील तर आकडे २८१५, २८१४, २८१२, २८११ असे एखाद-दुसऱ्याने गळत जातील. नॉइज कमी पडत असेल तर आकडा ८ च्या पाढ्यातल्या एखाद्या संख्येवर, समजा २८१६ वर, बराच वेळ बसून राहील, मग भरभर खाली येऊन २८०८ वर पुन्हा बसेल. प्लॉटरवर उताराऐवजी जिना दिसतो. जिना दिसला की समजायचं, कच्चं रीडिंग एकाच काउंटवर अडकतंय आणि ती आठची पायरी म्हणजे जुन्या दहा बिटांचाच एक काउंट. इथे पायरी ५ लागते. दोन्ही तपासण्यांत मला ही जास्त भरवशाची वाटते, कारण पूर्ण अडकलेल्या आकड्याचं प्रमाण विचलन शून्य येतं आणि ते बघून माणूस उलट खूश होतो.

## यातून काय मिळत नाही

बारीक आकडा आणि बरोबर आकडा वेगळे. एलएम३५ची स्वतःची चूक अर्ध्या अंशाच्या आसपास असू शकते, एडीसीची डेटाशीटप्रमाणे दोन काउंटपर्यंत, आणि रेफरन्स न मोजता १.१ धरलात तर ३७.५ ला तीन अंशांचाही फरक पडू शकतो. या सगळ्या चुका दर सॅम्पलमध्ये तशाच असतात, म्हणून सरासरीतही तशाच राहतात. त्या काढायला भरवशाचा थर्मामीटर शेजारी ठेवून ३७.५ च्या आसपास जुळवून घ्यावं लागतं. ओव्हरसॅम्पलिंगमुळे इतकं होतं की जुळवल्यानंतर पेटी ३७.४ वरून ३७.५ वर जाताना तुम्हाला दिसते आणि बल्ब वेळेवर बंद करता येतो.

बोर्ड बदलला की हिशोबही थोडा बदलतो. ईएसपी३२चा एडीसी बारा बिटांचा आहे, पण त्याचा आलेख सरळ नाही, विशेषतः दोन्ही टोकांना. सरासरीने नाचणं थांबतं, वाकडेपणा तसाच राहतो. तिथे `analogRead()` ऐवजी `analogReadMilliVolts()` ची सरासरी घ्या, म्हणजे कारखान्यातली दुरुस्ती लागू होते. पिकोवरच्या आरपी२०४० चिपमध्ये ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या काउंटजवळ एडीसीच्या पायऱ्या प्रमाणाबाहेर रुंद आहेत. तुमचा सिग्नल नेमका तिथे पडला तर दोन काउंटचा नॉइज त्यांना ओलांडू शकत नाही. सिग्नलची रेंज जरा सरकवणं हाच उपाय. एसटीएम३२च्या जी०, एल४ अशा मालिकांमध्ये बेरीज आणि शिफ्ट हार्डवेअरच करतं, २५६ सॅम्पलपर्यंत, तिथे हा लूप लिहायचीही गरज नाही.

आणि पेटी अजून बांधायची असेल, एलएम३५ विकत घेतलाच नसेल, तर डीएस१८बी२० घ्या. तो बारा बिटांचा आकडा ०.०६२५ अंशाच्या टप्प्याने थेट डिजिटल देतो आणि लांब वायरीवरचा घुमारा त्याच्या आकड्यात शिरत नाही. वरची सगळी खटपट एलएम३५, थर्मिस्टर, पोटेन्शियोमीटर, बॅटरीचं व्होल्टेज अशा ठिकाणी कामाला येते, जिथे अ‍ॅनालॉग सिग्नलला पर्याय नसतो. तिथेही चौदा बिटांच्या पुढे जायचं असेल तर एडीएस१११५ चं छोटं मॉड्यूल लावा. तो सोळा बिटांचा आहे, त्याचा रेफरन्स आतच आहे, आणि ०.५१२ व्होल्टची रेंज निवडली की त्याचा एक काउंट साधारण १६ मायक्रोव्होल्टचा होतो.